साठ टनी वजनकाट्याची पडताळणी: आधी रिपीटेबिलिटी, मग कोपरे

नोंद १, सोमवार

काटा साठ टनी आहे, खड्ड्यात बसवलेला. स्टीलचा प्लॅटफॉर्म १८ मीटर लांब आणि ३ मीटर रुंद, खाली भार मोजणारे सहा अॅनालॉग लोडसेल. इंडिकेटरचा एक भाग, म्हणजे आकड्याची सर्वांत लहान पायरी, २० किलोचा, म्हणून पूर्ण भारापर्यंत ३००० भाग होतात. वजनकाट्यांच्या आर ७६ या आंतरराष्ट्रीय शिफारशीप्रमाणे हा तिसऱ्या वर्गात येतो. ट्रक आत येतात ते अ टोक. तिथे सेल १ आणि २. मधोमध ३ आणि ४. बाहेर पडायच्या ब टोकाला ५ आणि ६. विषम क्रमांक डाव्या अंगाला, सम उजव्या.

तक्रार अशी की तोच भरलेला ट्रक सकाळी एक वजन दाखवतो आणि दुपारी दुसरे, फरक साठ-ऐंशी किलोचा. पाच नंबरचा सेल पावसाळ्यात पाणी शिरून गेला होता, तो बदललेला आहे. सगळ्या सेलच्या तारा जिथे एकत्र येतात तो जंक्शन बॉक्सही बदलणाऱ्याने उघडला होता, कारण त्याच्या झाकणावरचे सील नव्हते.

सील तुटले की काटा नव्याने पडताळून घ्यावा लागतो आणि तेव्हा मर्यादा कडक असतात. १० टनांपर्यंत अर्धा भाग म्हणजे १० किलो, तिथून ४० टनांपर्यंत एक भाग म्हणजे २० किलो, त्यापुढे दीड भाग म्हणजे ३० किलो. वापरातल्या काट्याला याच्या दुप्पट सूट असते. आपल्याला ती मिळणार नाही, हे आधीच ठरवून घेतले.

प्रमाण वजने आणि क्रेन लगेच मागवायची, असा काट्यावरच्या लोकांचा आग्रह होता. मी थांबायला सांगितले. क्रेन एकदा उभी राहिली की तिचे तास मोजायला सुरुवात होते, आणि त्या वेळात काटाही बंद. रिपीटेबिलिटी बघायला खरे वजन माहीत असण्याची गरजच नसते. तेच ओझे परत ठेवल्यावर तोच आकडा येतो का, एवढाच प्रश्न असतो आणि त्याला कुठलाही भरलेला ट्रक चालतो. काटा तिथेच नापास होत असेल तर प्रमाण वजने आणून काय मोजणार?

आज फक्त इंडिकेटरच्या सेटिंगमध्ये जाऊन ऑटो-झिरो बंद केले. हे चालू असेल तर शून्य हळूहळू सरकले तरी इंडिकेटर ते गिळून टाकतो आणि रिकामा काटा कायम निरोगी दिसतो.

नोंद २, मंगळवार

साधारण ४८ टन भरलेला ट्रक मिळाला. ४८ टन म्हणजे कमाल भाराचे ऐंशी टक्के, रिपीटेबिलिटीला हवा तेवढाच. आधी तो तीन-चार वेळा नुसता वरून नेला. प्लॅटफॉर्म आणि सेल एकदा भाराखाली बसल्याशिवाय पहिला आकडा धरायचा नसतो.

मग मोजणी. प्रत्येक वेळी काटा रिकामा करून शून्य पाहायचे, ट्रक आणायचा, इंजिन बंद, ड्रायव्हर खाली. चाकांच्या जागा खडूने आखून घेतल्या. अ टोकाकडून आत घेऊन लागोपाठ तीन वजने केली: ४७,९६०, ४७,९६०, ४७,९६०. काट्यावरचा ऑपरेटर म्हणाला, "साहेब, एकदम ओके आहे की!"

नियमाच्या अक्षराप्रमाणे तो चूक नव्हता. तीन वजनांतला फरक शून्य, मर्यादा ३० किलो. पण काट्यावर सगळे ट्रक एकाच दिशेने येतात, त्यामुळे तीच सवय चाचणीतही उतरते. म्हणून ट्रक ब टोकाकडून आत घेतला: ४८,०२०, ४८,०२०, ४८,०२०. पुन्हा तिन्ही सारखे, मात्र आधीपेक्षा ६० किलो जास्त.

इथे बहुतेक जण लगेच जंक्शन बॉक्स उघडतात. कारण असे दिले जाते की ट्रक उलटा उभा राहिला, मागचे जड अॅक्सल दुसऱ्या टोकाला आले, म्हणजे कोपऱ्यात चूक आहे. तसे असू शकते. पण ट्रक उलटा आणताना दोन गोष्टी एकदम बदलल्या: भार कुठल्या सेलवर पडतो ते, आणि ब्रेक लागताना प्लॅटफॉर्म कुठल्या बाजूला ढकलला जातो तेही. या दोन्ही वेगळ्या काढल्या पाहिजेत.

वेगळ्या काढायची युक्ती सोपी आहे, फक्त ड्रायव्हर हाताचा पक्का हवा. ट्रकचे तोंड पहिल्यासारखेच ब कडे ठेवायचे, चाके त्याच खडूच्या खुणांवर आणायची, पण ट्रक आत आणायचा ब टोकाकडून, रिव्हर्समध्ये. आता भार पहिल्या मोजणीइतकाच त्याच सेलवर आहे, ब्रेकचा धक्का मात्र उलट्या बाजूला. चाके खुणेवर बसायला वेळ लागला, पण आकडा आला तो ४८,०००. पुन्हा केले, पुन्हा ४८,०००.

म्हणजे ६० पैकी ४० किलोंचा कोपऱ्याशी काही संबंध नाही. ट्रक जिथे होता तिथेच आहे आणि आकडा बदलला, तर प्लॅटफॉर्म कुठेतरी अडतो आहे. उरलेले २० किलो कोपऱ्यांचे असतील. ते प्रमाण वजने आल्यावर कळेल.

आणखी एक खूण आधीपासून दिसत होती. अ कडून आलेला ट्रक ब कडून बाहेर पडला की शून्याऐवजी कधी २०, कधी ४० उरत. प्लॅटफॉर्मवर कोणी उडी मारली की ते जाई. सेल बिघडला असेल तर तो उडी मारल्याने सुधारत नाही.

नोंद ३, बुधवार पहाटे

प्लॅटफॉर्म थंड असताना खड्ड्यात उतरलो. मुद्दाम ही वेळ निवडली, कारण जागेचे माप घ्यायचे तर स्टील आखडलेले असताना घ्यावे आणि पुन्हा दुपारी घ्यावे.

दोन गोष्टी सापडल्या. पहिली, ब टोकाला प्लॅटफॉर्मची कड आणि खड्ड्याची भिंत यांच्या फटीत खडी बसलेली. वरून धूळ साचल्यामुळे दिसत नव्हती. पट्टीने उकरली तर मुठीत मावणार नाही एवढी निघाली.

खरे कारण दुसरी गोष्ट होती. पाच नंबरजवळच्या लांबीच्या दिशेच्या चेक रॉडचा एक नट भिंतीकडच्या ब्रॅकेटला टेकून बसला होता, आणि रॉड आडवा नव्हता. लेव्हल लावली तर प्लॅटफॉर्मकडचे टोक वर गेलेले. सेल बदलताना प्लॅटफॉर्म जॅकने उचलला, नव्या सेलखाली पॅकिंगची पट्टी घातली आणि रॉड तसाच ठेवून नट आवळला, हे स्पष्ट दिसत होते. चेक रॉडचे काम प्लॅटफॉर्मला पुढेमागे जाऊ न देणे एवढेच. आडवा असताना तो उभ्या दिशेचा भार घेत नाही. तिरका झाला आणि वर ताणला गेला, की भाराखाली प्लॅटफॉर्म खाली जाताना तो त्याला धरून ठेवतो. जेवढे ओझे रॉडने उचलले तेवढे सेलला कळतच नाही.

अ कडून ट्रक येऊन ब्रेक लागला की प्लॅटफॉर्म ब कडे सरकायचा, नट टेकायचा आणि काटा कमी दाखवायचा. रिव्हर्समध्ये आणला की प्लॅटफॉर्म अ कडे सरकून नट मोकळा व्हायचा. सकाळ-दुपारचे कोडेही इथेच सुटले. स्टील एका मीटरला एका अंशामागे साधारण १२ मायक्रोमीटर वाढते. १८ मीटरचा प्लॅटफॉर्म पहाटेपेक्षा दुपारी २५ अंशांनी तापला तर वाढ होते साडेपाच मिलिमीटरच्या आतबाहेर. ब टोकाची मोकळी जागा खडीने आणि नटाने आधीच खाल्लेली. ही वाढ जाणार कुठे?

दुरुस्ती: दोन्ही टोकांची फट साफ केली. चेक रॉडचे ब्रॅकेट सोडवून पॅकिंगच्या उंचीएवढे वर घेतले, रॉड लेव्हलमध्ये आणला. नट हाताने फिरेल एवढे ढिले ठेवून लॉकनट आवळला. प्लॅटफॉर्मचे सरकणे अडवणाऱ्या बंपर बोल्टची जागा दोन्ही टोकांना ५ मिलिमीटर ठेवली, फीलर गेजने तपासून, प्लॅटफॉर्म थंड असतानाच. दुपारी तापलेल्या प्लॅटफॉर्मवर ५ ठेवले असते तर रात्री ते जास्त झाले असते आणि ट्रकच्या प्रत्येक ब्रेकला सेलवर हिसका बसला असता.

दुपारी उन्हात तोच ट्रक. अ कडून ४८,०००. त्याच तोंडाने रिव्हर्समध्ये ब कडून ४८,०००. ट्रक फिरवून ब कडून ४८,०२०. रिकामा केल्यावर प्रत्येक वेळी शून्य.

अडकणे गेले. आता क्रेन बोलावली.

नोंद ४, गुरुवार

प्रमाण वजने आली: ५०० किलोचे ओतीव लोखंडाचे ठोकळे, एकूण १२ टनांचे, आणि सोबत २० किलोची व २ किलोची वजने. १२ टन हा आकडा योगायोगाने आलेला नाही. चारपेक्षा जास्त आधार असतील तर कोपऱ्याच्या चाचणीत प्रत्येक आधारावर कमाल भार भागिले आधारांची संख्या वजा एक, एवढे ओझे ठेवायचे असते. इथे ६० भागिले ५, म्हणजे १२ टन. पुढे पर्यायी भारासाठीही कमीत कमी तेवढेच लागणार होते.

ठोकळे एम १ वर्गाचे. त्या वर्गात ५०० किलोला २५ ग्रॅमची सूट असते, तेव्हा सगळे एकाच बाजूला चुकले तरी १२ टनांत ६०० ग्रॅम. वजनांची चूक काट्याच्या मर्यादेच्या एक तृतीयांशाच्या आत असली पाहिजे. १२ टनांवर मर्यादा २० किलो आहे, म्हणून इथे हवेतेवढे अंतर आहे. कागद बरोबर असला तरी ठोकळा बघून घ्यावा. एकाच्या भरणीच्या खळग्यावरचे शिशाचे बूच गायब होते. तो बाजूला ठेवला आणि त्याच्या जागी २० किलोची पंचवीस वजने लावली. आणखी काहींच्या कडीच्या खोबणीत पाणी होते, ते पुसले. यात तासभर गेला आणि क्रेनवाला घड्याळाकडे बघत बसला.

भाग २० किलोचा आणि मर्यादाही २० किलोची, तेव्हा नुसत्या डिस्प्लेवरून चूक ठरत नाही. दिसणाऱ्या आकड्याच्या आत दहा किलो इकडे की तिकडे, ते कळले पाहिजे. त्यासाठी २ किलोची वजने. ओझे ठेवल्यावर ती एकेक करून वाढवत जायची आणि आकडा पुढच्या भागावर स्थिर उडी मारतो तिथे थांबायचे. मग:

```
E = I + e/2 − ΔL − L
```

E म्हणजे चूक, I म्हणजे दिसणारा आकडा, e म्हणजे एक भाग, ΔL म्हणजे उडीपर्यंत वाढवलेली छोटी वजने, L म्हणजे प्रमाण वजन. छोटी वजने ठेवणाऱ्याने प्लॅटफॉर्मवर पाय ठेवायचा नाही, कडेबाहेरून हात लांब करायचा. आधी हे बजावून सांगावे, कारण माणूस वाकून वजन ठेवताना नकळत गुडघा टेकतो.

शून्याची चूकही अशीच काढली, पण रिकाम्या काट्यावर नाही तर २०० किलो म्हणजे दहा भाग ठेवून. ऑटो-झिरो आपण बंद केले असले तरी ही सवय असू द्यावी. दुसऱ्याच्या काट्यावर ते चालू असते आणि शून्यापाशी ते मोजमाप बिघडवते. २०० वर उडी १० किलोला आली, म्हणजे शून्याची चूक शून्य.

मग सहा आधारांवर एकेक करून १२ टन. प्रत्येक रास प्लॅटफॉर्मच्या साधारण सहाव्या हिस्स्यात, सेलच्या भोवती, दोन थरांत. क्रेन बाजूच्या जमिनीवर उभी, तिचे पाय खड्ड्याच्या भिंतीपासून दूर. एका आधारावरून दुसऱ्यावर रास हलवायला चाळीस मिनिटांच्या आसपास लागायची, त्यात दिवस गेला.

पहिला आधार +२, दुसरा −२, तिसरा ०, चौथा +४, सहावा +६. पाचवा मुद्दाम शेवटी ठेवला होता. तिथे डिस्प्ले १२,०४०, आणि १६ किलो वाढवल्यावर १२,०६०. गणित: १२,०४० + १० − १६ = १२,०३४. चूक +३४ किलो. मर्यादा २०. नापास.

रास उचलून पुन्हा ठेवली, पुन्हा +३४. तीच चूक त्याच जागी पुन्हापुन्हा येते, रास काढल्यावर शून्य परत येते. ही यांत्रिक अडचण नाही, हा सेलच्या समायोजनाचा प्रश्न आहे. आता जंक्शन बॉक्स उघडायला हरकत नाही.

नोंद ५, शुक्रवार सकाळ

पाचवा कोपरा जास्त का दाखवतो, याचा उलगडा बॉक्स उघडल्यावर झाला. प्रत्येक सेलला त्याचा सिग्नल जुळवायचा, स्क्रूने फिरवायचा एक पॉट आहे. पाच सोडून बाकी सगळ्या चॅनलच्या पॉटच्या स्क्रूवर जुना रंगाचा ठिपका होता तसाच. पाचचा ठिपका फुटलेला. सेल बदलल्यावर पाचवा कोपरा कमी दाखवत असणार, कारण तिरका रॉड तिथले ओझे उचलत होता. बदलणाऱ्याने त्याला सेलचा दोष समजून पॉट फिरवून आकडा वर आणला. काटा त्या वेळी त्या दिशेने, त्या तापमानाला बरोबर दिसला असेल. रॉड सुटताच पॉटने चढवलेले ओझे उघडे पडले.

मी सोमवारी पॉटला हात लावला असता तर हेच पुन्हा झाले असते, फक्त दुसऱ्या आकड्यावर. अडकलेल्या प्लॅटफॉर्मवर कोपरा जुळवणे म्हणजे वाकड्या भिंतीला गिलाव्याने सरळ करणे. म्हणून क्रम बदलायचा नाही: तेच ओझे दोन्ही बाजूंनी आणून तोच आकडा येईपर्यंत पॉट बंदच.

१२ टन पाचव्यावर ठेवूनच पॉट फिरवला. अशा बॉक्समध्ये पॉट सेलचा सिग्नल कमी करू शकतो, मुळात आहे त्यापेक्षा वाढवू शकत नाही. त्यामुळे जास्त दाखवणारा कोपरा खाली आणायचा, कमी दाखवणाऱ्यामागे लागायचे नाही. थोडे फिरवायचे, आकडा स्थिर होऊ द्यायचा, मग पुन्हा थोडे. उडी ४ किलोला येईल तिथे थांबलो. डिस्प्ले १२,०००, चूक +६. शून्यापर्यंत ओढत बसलो नाही. शेजारचे कोपरेही हलतात, कारण तिसऱ्यावर किंवा सहाव्यावर ठेवलेल्या राशीचा काही हिस्सा पाचव्याकडे जातोच.

म्हणून सगळे सहा आधार नव्याने. हे टाळायचा मोह होतो, कारण क्रेनचा आणखी अर्धा दिवस जातो. आले ते असे: +२, −२, −४, +२, +६, +२. सगळे २० च्या पुष्कळ आत. पॉटवर रंगाचा ठिपका दिला, बॉक्सच्या ग्लँड घट्ट केल्या, आत ओलावा शोषणारी पुडी टाकली.

नोंद ६, शुक्रवार दुपार

आता पूर्ण भारापर्यंत जायचे, हातात मात्र १२ टनच. साठ टनांची प्रमाण वजने कोणी आणत नाही. आर ७६ प्रमाणे प्रमाण वजने एरवी कमाल भाराच्या निम्मी हवीत. काट्याची रिपीटेबिलिटी चांगली असेल तर ती साधारण तृतीयांशावर येतात, आणि फरक एका भागाच्या दोन दशांशाच्या आत असेल तर पंचमांशावर. इथे पंचमांश म्हणजे नेमके १२ टन, आणि दोन दशांश म्हणजे ४ किलो. तेव्हा रिपीटेबिलिटी नुसती पास असून भागत नाही, ती खरोखर चांगली असावी लागते.

१२ टन तीन वेळा काढून ठेवले. उड्यांवरून चुका +२, +४, +२. फरक २ किलो. चालेल.

पद्धत अशी: १२ टन प्रमाण वजने ठेवून उडी कुठे येते ते नोंदायचे. ती काढायची आणि त्यांच्या जागी एक रिकामा ट्रक आणायचा. त्यात ओझे भरत जाऊन काटा पुन्हा त्याच आकड्यावर, तेवढ्याच छोट्या वजनांना उडी मारेल असे करायचे. आता ट्रक बरोबर तेवढा आहे जेवढी प्रमाण वजने होती. त्याच्या जोडीला पुन्हा १२ टन ठेवले की २४ टन. मग वजने काढून ट्रकमध्ये तेवढे भरायचे, आणि असेच ६० पर्यंत. ट्रक हलवायचा नाही.

भरायला वाळू आणली, आणि ती ओली होती. २४ टनांपर्यंत काही कळले नाही. ३६ वर उडी नोंदवून, चहापाणी करून अर्ध्या तासाने पाहिले तर ओझ्याला हात न लावता उडी ८ किलो उशिरा येत होती. म्हणजे काट्यावरचे वजन ८ किलो कमी झाले होते. सेलचा क्रीप, म्हणजे कायम भाराखाली आकडा हळूहळू सरकणे, म्हणावा, तर ट्रकच्या मागच्या फळकुटाखालून पाण्याची धार प्लॅटफॉर्मच्या उतारावरून थेट खड्ड्यात जात होती. पर्यायी ओझे कितीही चालेल, कसलेही चालेल, पण ते बदलता कामा नये. ३६ टनांपर्यंतचे सगळे काम फुकट गेले, वाळू उपसायची मजुरी वेगळी. संध्याकाळ झाली म्हणून क्रेन सोडली.

नोंद ७, शनिवार

वाळूऐवजी काँक्रीटचे ठोकळे मिळाले, सुके. नेमके जुळवायला शेवटची फेरफार २० किलोच्या वजनांनी. वाऱ्यामुळे आकडा कधी कधी एका भागाने हलायचा, तेव्हा थांबलो.

मर्यादा जिथे बदलते त्या दोन जागा, म्हणजे १० टन आणि ४० टन, आवर्जून घेतल्या. १० टनांना वीस ठोकळे. ४० टनांना ३६ टनांच्या ट्रकजवळ आठ ठोकळे. चढताना आणि उतरताना:

| भार, टन | चढताना चूक, किलो | उतरताना चूक, किलो | मर्यादा, किलो |
|---|---|---|---|
| १० | +२ | +४ | १० |
| १२ | +२ | +४ | २० |
| २४ | +६ | +८ | २० |
| ३६ | +८ | +१० | २० |
| ४० | +१० | +१२ | २० |
| ४८ | +१२ | +१४ | ३० |
| ६० | +१६ | – | ३० |

चूक भाराबरोबर सरळ चढते आहे, म्हणजे स्पॅन, भारामागे दिसणाऱ्या आकड्याचे प्रमाण, थोडा जास्त आहे. पॉट फिरवल्यावर स्पॅन हलणारच होता. इंडिकेटरमधून तो १० किलोंनी खाली आणता आला असता. पण एवढ्यासाठी ६० टनांची चढण पुन्हा करावी लागली असती, आणि आत्ताची चूक मर्यादेच्या निम्म्याच्या आसपास आहे. ठेवली तशी. चढ-उतारातला फरक कुठेच २ किलोंच्या वर गेला नाही, हे मला जास्त महत्त्वाचे वाटले. रॉड अजून धरत असता तर तो फरक इथे दिसला असता.

संवेदनशीलता: भार उडीच्या उंबऱ्यापाशी आणून २८ किलो वाढवले, आकडा एका भागाने पुढे गेला. साठ टन उतरवल्यावर अर्ध्या तासाने शून्य पाहिले, सरक ४ किलो.

नोंद ८, सोमवार

पडताळणी अधिकारी आले. त्यांच्यासमोर पहिला तोच ४८ टनी ट्रक, पण या वेळी उडीसकट. अ कडून तीन वजने, फरक ४ किलो. त्याच तोंडाने ब कडून रिव्हर्समध्ये एक, तेही त्याच चार किलोंच्या आत. ट्रक फिरवून ब कडून, ६ किलोंचा फरक. ट्रकची पुढची चाके फक्त अ टोकावर, मग मध्ये, मग ब टोकाकडे, अशी वाहत्या भाराची चाचणी दोन्ही दिशांनी झाली. त्यांनी कोपऱ्यांतले दुसरा आणि पाचवा स्वतः बघितले, बाकीच्यांच्या नोंदी वाचल्या. ऑटो-झिरो परत चालू करून त्यांनीच जंक्शन बॉक्स आणि इंडिकेटर सीलबंद केले.

काट्यावर दोन कामे लावून आलो. दोन्ही टोकांची फट रोज सकाळी पट्टीने तपासायची. आठवड्यातून एकदा एखादा भरलेला ट्रक सरळ आणि रिव्हर्स असा दोन्ही बाजूंनी, एकाच खुणेवर उभा करून वजन वहीत लिहायचे. एका भागापेक्षा जास्त फरक आला तर खड्ड्यात उतरायचे, जंक्शन बॉक्सकडे जायचे नाही. सहा नंबरच्या केबलला उंदराने कुरतडल्याची एक खूण दिसली आहे, आतली तार शाबूत आहे. ती बदलायला घ्यायची आहे.